जर्मनीत कोटाचं माप २४? मदत हवी आहे

खडकीचा_पक्या: मी आखेनला शिकतो. इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी कोट-पँट घ्यायची आहे. पुण्यात मला ३८ चा कोट बसतो. इथल्या दुकानात ३८ कुठेच दिसेना. काउंटरवरच्या काकूंनी टेप न लावता नुसतं वरून खाली बघितलं आणि ४८ हातात दिला. ट्रायल रूममध्ये छाती-खांदे बरोबर, पण बाह्या अंगठ्यापर्यंत. काकूंनी तो परत नेला आणि २४ आणला. मला वाटलं, लहान मुलांचा! घातला तर अगदी मापात. शेजारी ९४ पण टांगलेला. हा काय प्रकार आहे? उंची १६५ सेंमी, जीन्स ३२ ची. पँटही २४ चीच मागू का?

सोप्पंय_की: आपल्या इंचात १० मिळवायचे. ३८ चे ४८. बाह्या शिंप्याकडून कमी करून घे, विषय संपला.

काजबटण: १० मिळवायचे हे कोटापुरतं खरं. तिथे छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा आकडा लिहितात. तुझी छाती साधारण ९६, म्हणून ४८. पण तो मध्यम उंचीच्या माणसाचा. तीच छाती, पण उंची कमी असेल तर ४८ चे निम्मे, २४. उंच-सडपातळ असेल तर ९४. म्हणजे तिन्ही कोट जवळपास एकाच छातीचे. काकूंची नजर पक्की आहे.

नुसत्या बाह्या कापून भागत नाही. ४८ मध्ये तुझी कंबर जिथे येते, तिथे कोटाची कंबर येत नाही, खाली सरकते. बटण लावून आरशात बघ. दोन बटणांच्या कोटाचं वरचं बटण बेंबीच्या बरंच खाली आलं आणि खिसेही उतरलेले दिसले, तर तो कोट तुझ्या उंचीचा नाही. शिवाय बाहीच्या बटणांना खरी काजं असतील तर मनगटाकडून फारसं कमी करता येत नाही. खांद्यातून उचलावी लागते, आणि ते काम महाग.

मेतकूट: माझ्या नवऱ्याचे भारतातले ८ नंबरचे बूट तिथे ४२ होते. बुटांनाही १० मिळवले असते तर १८ झाले असते 😄

खडकीचा_पक्या: @काजबटण, धन्यवाद! आणि पँटचं?

काजबटण: पँटला १० चा हिशोब चालत नाही. कंबरेच्या इंचात १६ मिळव. ३२ ची ४८, आणि आखूड हवी तर तिथेही २४. जीन्सवर मात्र इंचच असतात. पण जीन्स आपण कंबरेच्या खाली घालतो, त्यामुळे घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. काही दुकानांत कोट आणि पँट वेगवेगळ्या मापाची घेता येते, ते आधी विचार.

सोप्पंय_की: मी म्युनिकला ४८ च घेतला होता. बाह्या कापल्या, कुणाला काही कळलं नाही.

काजबटण: तुमची उंची किती?

सोप्पंय_की: १७६. का?

खडकीचा_पक्या: २४ चा कोट बाजूला ठेवायला सांगितलाय. पँट उद्या घालून बघतो. २४ ची कंबरेत घट्ट झाली तर २५ घेऊ की ४८ घेऊन खालून दुमडू?