मदत हवी आहे: ३:१ येतंय, पण सदर्नमध्ये दोन बँड

अरॅबिडॉप्सिसमध्ये फ्लोरल डिप केलंय, स्ट्रेन जीव्ही३१०१, निवड कानामायसिन ५० मिग्रॅ/लिटरवर. एका लाइनच्या टी२ मध्ये १०० पैकी ७६ रोपं हिरवी, बाकीची पांढरी पडून बीजपत्रावरच थांबली, म्हणजे लोकस एकच दिसतोय. पण सदर्नला दोन बँड येतात. एन्झाइम टी-डीएनएला एकदाच कापतं, प्रोब एनपीटी-टू जीनचा, कापाच्या एकाच बाजूचा. त्यातला एक बँड बरोबर टी-डीएनएच्याच लांबीचा, ५.२ केबी आहे, म्हणून एकाच जागी एकामागोमाग दोन कॉपी बसल्याचा संशय येतोय. डायजेशन अपुरं असेल म्हणून जास्त एन्झाइम घालून रात्रभर ठेवलं, तरी तेच.

डिजिटल पीसीआरची सोय नाही. दोन्ही बॉर्डरकडून बाहेर तोंड केलेले प्रायमर वापरून पीसीआर केला तर टँडम पक्कं कळेल का, की जोडावर बॉर्डरचा तुकडा उडाला तर बँड येणारच नाही?