आकडा नको, आधी राहणी लिहा

> «इंदूरात निवृत्तीनंतर दोघांना किती कोटी पुरतील? दोन ठरवले होते, आता तीनही कमी वाटतात.»

कोटी बाजूला ठेवा आणि आधी राहणी लिहा: ‘स्वतःचा फ्लॅट, दोघं, एक स्कूटर, रविवारी सराफ्याच्या खाऊगल्लीत खाणं, वर्षातून एकदा पुण्याला.’ मग बँकेच्या बारा महिन्यांच्या नोंदींवरून खर्च काढा. समजा महिन्याला ४०,००० निघाले, म्हणजे वर्षाला ४.८ लाख. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च राहून जातात: आरोग्य विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, प्रवास, रंगकाम. ते १.२ लाख धरले, तर एकूण ६ लाख.

साठीनंतर तीसेक वर्षं काढायची आणि गुंतवणूक महागाईइतकीच वाढते असं धरलं, तर याच्या तीसपट, म्हणजे आजच्या रुपयांत १.८ कोटी. दहा वर्षांनी निवृत्त होणार असाल, तर ६ टक्के महागाईने तेच ३.२ कोटी होतात. तुमचे दोनाचे तीन बहुधा असेच झालेत. आजचे आणि उद्याचे रुपये एकत्र मोजू नका. राहता फ्लॅटही यात धरू नका, त्यातून किराणा येत नाही.

राहणीच्या वाक्याखाली तारीख घाला. राहणीतली ओळ बदलली तरच आकडा बदला. शेजाऱ्याने कार घेतली म्हणून नाही.