मदत हवी आहे: फ्रान्समध्ये मॅनेजर आणि सासूबाईंना ‘त्यू’ की ‘वू’?

रुजू_ल्यों
ल्योंमध्ये नुकतीच नोकरीला लागले आहे. बेकरीत, बँकेत, प्रेफेक्त्युरच्या सरकारी कचेरीत सरळ ‘वू’ म्हणते. अडतं ते दोन ठिकाणी. मॅनेजर बाई मला मेलमध्ये ‘त्यू’ लिहितात, खाली फक्त पहिलं नाव. मी उलट काय लिहू? आणि नवरा फ्रेंच आहे, तर सासूबाईंना काय म्हणायचं? तो आईला ‘त्यू’ म्हणतो. प्लीज सांगा.

दादरचा_पोऱ्या
सोपं आहे. ‘त्यू’ म्हणजे तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. बॉसला आणि सासूला तुम्ही म्हणतो ना आपण? मग दोघींना ‘वू’. मोठ्यांना मान दिला की चूक होत नाही.

अनुवादवाली
अनोळखी माणसाशी हे चालतं. दुकानातली मुलगी विशीची असली तरी तिला ‘वू’च म्हणायचं, आणि काही मागण्याआधी ‘बोंजूर’. ते राहिलं तर नुसत्या ‘वू’ने उद्धटपणा झाकला जात नाही.

पण पुढे ‘वू’मध्ये मानाबरोबर अंतरही असतं. मॅनेजर ‘त्यू’ लिहितात आणि टीमही त्यांना ‘त्यू’ म्हणते, तर तुमचं ‘वू’ हळूहळू ‘मला जवळीक नको’ असं वाचलं जाईल. पुढच्या भेटीत एकदा विचारा, ‘ऑं स त्यूत्वा?’, म्हणजे ‘आपण एकमेकींना त्यू म्हणू या का?’ होकार आला की सगळीकडे ‘त्यू’. एकदा ‘त्यू’वर आल्यावर परत ‘वू’वर जाऊ नका, ते रुसल्यासारखं दिसतं.

मेलमध्ये खरी गोची सर्वनामाच्या मागून येणाऱ्या शब्दांची होते. हे बघा, मेलबद्दल आभार मानून परत फोन करायला सांगायचंय: ‘बोंजूर क्लेर, मेर्सी पूर तों मेल. पुव्हे-वू म राप्ले, सिल वू प्ले?’ ‘तों’ म्हणजे ‘तुझा’, ते लिहून ‘त्यू’ धरलं आणि पुढच्याच वाक्यात ‘वू’ आलं. हवं होतं ‘प-त्यू म राप्ले, सिल त प्ले?’ ‘सिल वू प्ले’ म्हणजे ‘कृपया’, ते बोटांत इतकं बसलेलं असतं की तेच सुटतं. पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: ‘तुझं-तुमचं’ दाखवणारे शब्द, क्रियापदाचा शेवट आणि ‘सिल वू प्ले’.

माँत्रेआलकर
आमच्याकडे क्युबेकमध्ये दुकानदारसुद्धा चटकन ‘त्यू’ म्हणतात. उगाच घाबरताय, ‘त्यू’ने सुरुवात करा.

अनुवादवाली
@माँत्रेआलकर, प्रश्न ल्योंचा आहे. तिथल्या दुकानदाराला पहिल्याच वाक्यात ‘त्यू’ म्हटलं तर खटकेल.

नाँतची_वहिनी
सासूबाईंबद्दल. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि सासूबाईंना ‘तुम्ही’ हे ठरलेलं असतं. फ्रान्समध्ये ते घरागणिक बदलतं. काही घरांत पहिल्या जेवणालाच ‘त्यू’ येतं, काही घरांत सून जन्मभर ‘वू’ म्हणते आणि कोणाला वावगं वाटत नाही. पहिलं पाऊल त्यांचं. तोवर ‘वू’ आणि जोडीला पहिलं नाव: ‘कात्रीन, वू…’. मराठी कानाला सासूला नावाने हाक विचित्र वाटेल, पण तिथे ही मधली पायरी अगदी रुळलेली आहे. नवऱ्याला भाऊ-बहीण असतील तर त्यांचे जोडीदार काय म्हणतात ते विचारा, घरचा रिवाज तिथेच कळतो. त्या तुम्हाला ‘त्यू’ म्हणतात म्हणून लगेच परतफेड करू नका. घरात असा एकतर्फी प्रकार चालतो. ऑफिसातही पूर्वी वरून खाली चालायचा, आता तो खटकतो.

रुजू_ल्यों
नवऱ्याला विचारलं. दिराची बायको ‘वू’च म्हणते, आठ वर्षं झाली! म्हणजे मीही ‘वू’. मॅनेजरना उद्या विचारते. आणखी एक: ज्या तिघांना मी ‘त्यू’ म्हणते त्यांना एकच मेल लिहिताना ‘वू’ आलं तर परकं वाटेल का?

अनुवादवाली
नाही, ते अनेकवचनाचं ‘वू’ आहे, तिथे दुसरा शब्दच नाही. पण त्याच मेलमध्ये एकीलाच काही सांगायचं असेल तर तिचं नाव घेऊन ‘त्यू’वर या.

आणि मराठी माणसाची हमखास चूक: ‘तुम्ही दमलात’ या सवयीने एकट्या बाईंना ‘वू’ लिहिताना विशेषणालाही अनेकवचनाचा ‘एस’ लागतो. क्रियापद अनेकवचनी, पण विशेषण एकवचनी आणि स्त्रीलिंगीच ठेवा. बोलताना बहुतेकदा फरक ऐकू येत नाही, लिहिताना लगेच दिसतो.

दादरचा_पोऱ्या
आणि सर्वनाम टाळूनच लिहिलं तर? ‘फोन करणं शक्य होईल का’ असं?

अनुवादवाली
दोन वाक्यं निभतात, ‘सरे-तील पोसिब्ल’ त्यासाठी छान आहे. तिसऱ्या वाक्यात ‘तुमची फाइल’ म्हणावंच लागतं आणि तिथे निवड करावी लागते.

नाँतची_वहिनी
माझ्या मते दिराच्या बायकोचं ‘वू’ तुम्हाला बांधील नाही. सासूबाईंनी स्वतःहून ‘त्यू’ सुचवलं तर घ्या, जाऊ काहीही म्हणो.

अनुवादवाली
इथे मी सहमत नाही. जाऊ समोर असताना धाकटीनं ‘त्यू’ म्हणणं जावेला लागू शकतं. आधी तिच्याशी बोला.