तिसरीची वजाबाकीची कार्यपत्रिका तपासताना नेमकं काय बघायचं?

सुमेधा_क:
तिसरीच्या मुलांसाठी एकीने बनवलेली कार्यपत्रिका माझ्याकडे तपासायला आली आहे. वरची सूचना अशी आहे: "हातचा घेऊन वजाबाकी करा व फरक सांगा." गणितं आणि कंसात उत्तरसूचीतलं उत्तर देते.

१) ८७ − ३४ (५३)
२) ६८ − २५ (४३)
३) ३०२ − १४७ (२५५)
४) ५२ − २७ (२५)
५) ३६४ − १२८ (२३६)
६) ५४३ − २७६ (२६७)
७) ५०० − २६८ (२३२)
८) रियाकडे ४५ मणी आहेत. तिच्याकडे मीनापेक्षा १८ मणी जास्त आहेत. मीनाकडे किती मणी आहेत? (६३)

उत्तरसूची शेजारी ठेवून एकेक गणित पाहिलं, सगळं ठीक वाटलं. तरी छापायला देण्याआधी अजून काय बघू?

वहीवाला:
सूचनेवर फार वेळ घालवू नका. वर्गात बाई तोंडी सांगतातच, तिसरीतलं पोर सूचना वाचत बसत नाही. उत्तरं मात्र तपासा, आणि त्याला सोपी युक्ती आहे. अंकांची बेरीज करत एका अंकावर या. तिसऱ्या गणितात ३०२ चे ५, १४७ चे १२ म्हणजे ३. पाचातून तीन गेले, उरले २. सूचीतल्या २५५ ची बेरीज १२, म्हणजे ३. जुळत नाही, उत्तर चुकलंय. बाकीची सहा गणितं जुळतात. दोन मिनिटांचं काम.

मंजिरी:
वहीवाला, तिसरं बरोबर पकडलंत. पण या युक्तीवर सगळा भार टाकू नका. पाचव्याचं उत्तर २३६ आहे. टंकताना अंकांची अदलाबदल होऊन २६३ छापलं गेलं असतं, तरी अंकांची बेरीज ११ च आली असती आणि तुमच्या चाळणीतून ते सहज निसटलं असतं. सूचीत अशी अदलाबदल नेहमी होते. त्यापेक्षा उत्तरात वजा केलेली संख्या मिळवा: २६३ + १२८ = ३९१, लगेच उघडं पडतं.

सुमेधाताई, तुमच्या नजरेतून २५५ का सुटलं, तेही सांगते. तुम्ही सूची समोर ठेवून तपासलंत. छापलेलं उत्तर दिसलं की डोळा ते खरं धरतो, आणि आपण गणित न सोडवता उत्तर पटतंय का एवढंच पाहतो. सूची पालथी घाला, मुलाने मांडावीत तशी आठही गणितं कागदावर मांडून सोडवा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

शिवाय २५५ ही टंकनाची चूक नाही, ही मुलांची चूक आहे. एककाला दोनातून सात जात नाहीत म्हणून दशकाकडे गेले, तिथे शून्य. शून्याचे नऊ केले, पण ज्या शतकाकडून ते आले ते कमी करायचं राहिलं. बारातून सात पाच, नवातून चार पाच, तिनातून एक दोन. उत्तर खऱ्यापेक्षा बरोब्बर शंभराने जास्त. वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुका ब्राउन आणि बर्टन या दोघा संशोधकांनी १९७८ मध्ये नीट मांडून दाखवल्या होत्या: मूल मनाला येईल ते लिहीत नसतं, ते एक चुकीचा नियम इमानाने पाळत असतं. इथे सूची करणाऱ्या व्यक्तीचाही तोच नियम झाला. म्हणून मध्ये शून्य असलेलं गणित सूचीत दोनदा तपासायचं.

आर्याची आई:
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलीला घरी करायला असाच कागद आला होता आणि मागे उत्तरं छापलेली होती. तिने ६२ − ३५ चं उत्तर २७ काढलं होतं, मागे ३३ होतं. तिने खोडलं, परत केलं, परत २७. मग गणितात काहीही न बदलता फक्त उत्तराच्या जागी ३३ लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "आई, छापलेलं आहे ना." पुढे कित्येक दिवस ती मोठ्यातून लहान अंक वजा करत होती, तो वर असो की खाली. मला वाटतं मुलांना उत्तरसूची देऊच नये. आणि ती अजून बोटं मोजते, ते चालेल का?

मंजिरी:
आर्याची आई, बोटं मोजू द्या. ज्या मुलांना संख्या डोळ्यांसमोर आणता यायला लागतात, ती स्वतःहूनच बोटं सोडतात. तुमच्या मुलीने मात्र सूचीतून एक नियम शिकून घेतला. पाचातून दोन तीन, सहातून तीन तीन, झाले ३३. तिला ते छापील पुराव्यासकट मिळालं.

सूची देऊ नये, हे मला पटत नाही. मुलाला आपलं आपण ताडून पाहता यायला हवं. पण सूची छापण्याआधी ती न बघता सगळी गणितं सोडवणारा दुसरा माणूस हवा. बनवणाऱ्यानेच तपासलं तर तो तीच चूक दुसऱ्यांदा करतो.

शिसपेन्सिल:
आठव्याचं काय? ४५ आणि १८ मिळून ६३, बेरीज तर बरोबर आहे.

मंजिरी:
बेरीज बरोबर आहे, पण प्रश्न वजाबाकीचा आहे. म्हणून नुसती आकड्यांची चाळणी इथे पुरत नाही, उत्तर गोष्टीत परत घालून बघावं लागतं. मीनाकडे ६३ मणी असतील आणि रियाकडे ४५, तर रियाकडे जास्त कसे? मीनाकडे २७ च असणार.

"जास्त" हा शब्द दिसला की मिळवायचं, अशी खूणगाठ मुलं बांधतात, सूची करणाऱ्यानेही बांधली. प्रश्न चांगला आहे, तो काढू नका. पण त्याच्या आधी एक सरळ प्रश्न हवा: "रियाकडे ४५ मणी, मीनाकडे २७. रियाकडे किती जास्त?" त्यावरून मुलाच्या मनात दोघींचं चित्र तयार झालं की मग उलटा प्रश्न विचारावा. सबंध कागदावर एकच शाब्दिक उदाहरण, आणि तेच सगळ्यात फिरवून विचारलेलं, हे बरं नाही.

निळी शाई:
मी तिसरीला शिकवते. सूचनेला वेळ देऊ नका, या वहीवाल्यांच्या म्हणण्याशी मी अजिबात सहमत नाही. "फरक सांगा" असं लिहिलेला कागद मी वर्गात दिला होता. एकाने ६८ − २५ खाली लिहिलं, "एक मोठी संख्या आहे, एक लहान आहे." त्याने मराठी बरोबर वाचलं होतं, त्याला चूक देणार कशी? "सांगा" म्हणजे तोंडी की लेखी, तेही कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे "हातचा घेऊन". पहिल्या दोन गणितांना हातचा लागतच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सूचना पाळायची म्हणून ८७ मधल्या ८ वर काट मारून ७ केले, ७ चे १७ केले. सतरातून चार तेरा, सातातून तीन चार. उत्तर लिहिलं ४१३.

मंजिरी:
त्या मुलीचं खरं तर काहीच चुकलं नव्हतं. चार दशक आणि तेरा सुटे म्हणजे ५३ च. एककाच्या घरात दोन अंक बसवावे लागले म्हणून ते ४१३ दिसलं. सूचनेने तिला नको ते करायला लावलं.

मी एवढंच लिहीन: "वजाबाकी करा. उत्तर रेघेखाली लिहा." आणि पहिल्या गणिताआधी एक सोडवलेलं गणित, हातच्याच्या काटछाटीसकट. मग छापण्याआधी एका मुलाच्या हातात कागद द्यायचा, एक शब्दही न बोलता, आणि पेन्सिल उचलायच्या आधी विचारायचं, "काय करायचंय इथे?" तो अडखळला तर दोष वाक्याचा.

गणितांची चढण मात्र मला बदलायची आहे. दुसऱ्यापर्यंत हातचा नाही आणि तिसऱ्याला एकदम ३०२ − १४७. तिथे शतक सोडवून दशक करायचे, मग त्यातला एक सोडवून सुटे करायचे, आणि एकेरी हातचा तर अजून एकदाही आलेला नाही. मी आधी ५२ − २७ घेईन, मग ३६४ − १२८, मग ४३८ − १७२ सारखं एक, जिथे हातचा फक्त शतकाकडून येतो. त्यानंतर दोन्हीकडून हातचा लागणारं ५४३ − २७६. ३०२ त्याच्यापुढे आणि ५०० शेवटी. एका पायरीला एकच नवी गोष्ट.

निळी शाई:
इथे माझं तुमच्याशी जुळत नाही. इतकी आखीव चढण असली की मुलं गणिताकडे बघायचंच सोडतात. तिसऱ्यापासून सगळ्यांना हातचा लागतो हे त्यांना दुसऱ्या रांगेत कळतं आणि ती डोळे मिटून काट मारत सुटतात. ५४३ − २७६ च्या लगेच खाली मी ५८६ − २४३ ठेवते, जिथे हातचा लागत नाही. जो थांबून एककाच्या घराकडे बघतो, त्याला वजाबाकी कळली. तुमच्या क्रमाने सोडवलेल्या कागदावरून मला हे कधीच कळणार नाही.

वहीवाला:
म्हणजे मुलांना फसवायचं?

निळी शाई:
फसवायचं कशाला? हातचा लागतो की नाही हे ठरवणं हाच वजाबाकीचा अर्धा भाग आहे. तो आपण क्रमातून उघड करून टाकतो.

मंजिरी:
तुमचं म्हणणं सरावाच्या कागदाला लागू आहे, तिथे मिसळलेली गणितंच हवीत. पण हा कागद हातचा नुकताच शिकवून झाल्यावर द्यायचा असेल, तर चौथ्या गणितालाच अडकलेलं मूल तुमच्या ५८६ पर्यंत पोचणारही नाही. सुमेधाताई, हा कागद कधी द्यायचा आहे, हे आपण कुणी विचारलंच नाही.

सुमेधा_क:
बनवणारीला आत्ताच विचारलं. शिकवल्यावर दुसऱ्या दिवशी द्यायचा आहे म्हणाली.

सूची पालथी घालून सगळी गणितं सोडवली. तिसरं १५५ आणि आठवं २७ केलं. आठव्याच्या आधी सरळ प्रश्न घातला. वरची सूचना बदलून शेजारच्या तिसरीतल्या मुलाला कागद दिला. "वजाबाकी करा" त्याला कळलं. "रेघेखाली" म्हटल्यावर त्याने विचारलं, "कुठली रेघ?" गणितं आडवी छापलेली होती, रेघच नव्हती. आता सगळी उभी मांडते आहे.

क्रम मंजिरीताईंचा घेतला, पण ५४३ च्या खाली ५८६ − २४३ घातलं आहे.

निळी शाई:
एकच घातलंत तर ते मुलांना छपाईची चूक वाटेल. निदान दोन हवीत.

मंजिरी:
दुसऱ्या दिवशीच्या कागदावर मी एकही ठेवलं नसतं.