चौकशीत आरोप सिद्ध झाला, मग बडतर्फीआधी कामगाराला पुन्हा बोलू द्यायचं कशाला?

उद्यमबाग पर्सोनेल
फौंड्रीतलं प्रकरण आहे. रात्रपाळी सुटताना गेटवर एका मोल्डरच्या पिशवीत मेंटेनन्स स्टोअरचे गनमेटलचे ४ बुश सापडले, वजन सव्वासहा किलो. आरोप दोन: चोरी आणि गार्डला शिवीगाळ. चौकशी अधिकाऱ्यांच्या अहवालात चोरी सिद्ध, शिवीगाळ सिद्ध नाही. डायरेक्टर म्हणतात, चौकशीत संधी दिलीच की, आता थेट बडतर्फीचा आदेश काढा आणि अहवाल त्यालाच जोडा. मसुद्यात दोन्ही आरोप सिद्ध धरलेत, जुन्या गैरहजेरीचे दोन मेमोही घातलेत. चालेल का?

मच्छे प्लांट एचआर
चालेल. चार्जशीट दिली, साक्षीदार आले, त्याने उलटतपासणी घेतली, बचाव मांडला. आणखी किती संधी? शिक्षेवरची दुसरी नोटीस तर ४२व्या घटनादुरुस्तीनेच काढून टाकली. वर प्रत्येक महिन्याचा निर्वाह भत्ता चालूच राहतो. उद्या लेबर कोर्टाने चौकशी सदोष ठरवली तरी तिथे नव्याने पुरावा देता येतो. आदेश काढा, मोकळे व्हा.

खानापूरचा वकील
घटनादुरुस्तीचं बरोबर, पण ती सरकारी नोकरांच्या कलम ३११ ची, आणि तिने गेली ती शिक्षेवरची संधी. अहवालावर म्हणणं मांडायची संधी वेगळी. १९९३ च्या करुणाकर निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चौकशी अधिकारी शिस्तपालन अधिकाऱ्याहून वेगळा असेल, तर दोष ठरवण्याआधी अहवालाची प्रत द्यावीच लागते. हा नियम खासगी आस्थापनांनाही लागू आहे. कारण साधं आहे: डायरेक्टर ज्या कागदावर विसंबून निर्णय घेणार, तो कागद कामगाराने पाहिलेलाच नसतो. आदेशासोबत अहवाल जोडणं म्हणजे दार लावून किल्ली हातात देणं.

मसुद्यातली दुसरी चूक जास्त महाग पडेल. शिवीगाळ सिद्ध नाही असं अहवाल म्हणतो आणि तुम्ही ती सिद्ध धरता. अहवालाशी असहमत व्हायचा अधिकार व्यवस्थापनाला आहे, पण १९९८ च्या कुंजबिहारी मिश्रा निकालाप्रमाणे असहमतीची कारणं, तात्पुरती म्हणून, आधी कळवून त्याचं उत्तर घ्यावं लागतं. माझा सल्ला, तो आरोप सोडून द्या. चोरी टिकली तर शिवीगाळीची गरज नाही, आणि चोरी टिकली नाही तर शिवीगाळीवर बडतर्फी टिकणं कठीण.

जुन्या मेमोंचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा, १९६४. मागचं रेकॉर्ड शिक्षेसाठी वापरायचं असेल तर नोटिशीत सांगा. नाहीतर दोन मेमोंसाठी सगळा आदेश वादात पडतो.

निपाणी ७७
माझ्या भाच्याला शोरूममधून एका ओळीच्या पत्रावर काढलं, चौकशी नाही काही नाही. त्यालाही अहवाल मागता येईल काय?

खानापूरचा वकील
चौकशीच झाली नाही तर अहवाल कुठला, भाऊ. तो प्रोबेशनवर होता का, आणि पत्रात काही आरोप लिहिलाय का, ते बघा. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

मच्छे प्लांट एचआर
वकीलसाहेब, करुणाकरचा उरलेला अर्धा भागही सांगा. प्रत दिली नाही म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही. प्रत न मिळाल्याने बचावाचं काय नुकसान झालं, हे कामगाराला दाखवावं लागतं.

खानापूरचा वकील
मान्य, निकालात ते आहे. म्हणून तर मूळ धागाकर्त्यांना विचारतो, त्याचा बचाव काय होता?

उद्यमबाग पर्सोनेल
बुश स्क्रॅपमधले होते आणि सुपरवायझरने तोंडी परवानगी दिली, असं म्हणाला. अहवाल म्हणतो, स्टोअरकीपरच्या साक्षीवरून माल नवा होता. स्टोअरची बिन कार्ड मागवली नव्हती. सुपरवायझरला कुणीच साक्षीला बोलावलं नाही.

खानापूरचा वकील
बघा, नुकसान इथेच दिसतं. अहवाल हातात असता तर त्याने लिहिलं असतं की बिन कार्ड पाहा, शिल्लक ४ ने कमी आहे का? कमी नसेल तर माल स्टोअरचा होता हेच डळमळतं. या मुद्द्याचं उत्तर तुम्हालाही आदेशाआधीच सापडायला हवं. कोर्टाला नुकसान पटलं तर करुणाकरप्रमाणे त्याला परत घेऊन, निलंबित ठेवून, अहवालाच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. वर्षं गेल्यावर.

आणि लेबर कोर्टात नव्याने पुरावा देण्याचं म्हणताय, तो हक्क कैफियतीतच मागून ठेवावा लागतो. केएसआरटीसी विरुद्ध लक्ष्मीदेवम्मा, २००१. ऐनवेळी आठवून चालत नाही. शिवाय तोवर गार्ड आणि स्टोअरकीपर दोघेही नोकरी सोडून गेलेले असतात.

कामगार बाजू, काकती
भाषेचं कुणी बोलत नाही. चार्जशीट कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत, माणूस शिकला मराठी शाळेत. असला कागद देऊन कसली संधी? आणि अहवालासोबतच "बडतर्फ का करू नये" विचारतात तेव्हा निर्णय झालेलाच असतो. दोन नोटिसा पाहिजेत: आधी निष्कर्षावर, मग शिक्षेवर.

खानापूरचा वकील
भाषेचं शंभर टक्के. अहवालासोबत मराठी भाषांतर द्या, आणि पोचेवर त्याच्याच अक्षरात "मराठी प्रत मिळाली" असं लिहून घ्या. नाकारलं तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा करा, मग घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा.

दोन नोटिसांवर मात्र माझं मत वेगळं. तुमच्या स्थायी आदेशांत दुसरी नोटीस लिहिली असेल तर ती द्यावीच लागेल. नसेल तर एक नोटीस पुरते, शब्द नीट असले तर. असं लिहा:

"चौकशी अहवालाची प्रत मराठी भाषांतरासह जोडली आहे. आरोप क्र. १ सिद्ध झाल्याचा निष्कर्ष त्यात आहे, आरोप क्र. २ सिद्ध झालेला नाही. व्यवस्थापनाने अद्याप निर्णय घेतलेला नाही. निष्कर्षांबद्दल आपलं म्हणणं, तसेच निष्कर्ष स्वीकारल्यास शिक्षेबद्दलचं म्हणणं, १० दिवसांत लेखी द्यावं. शिक्षा ठरवताना सोबतचे दोन मेमो विचारात घेतले जाऊ शकतात."

"निष्कर्ष मान्य केले आहेत" हे वाक्य या पत्रात आलं की घात झाला.

कामगार बाजू, काकती
शब्द बदलून मन बदलत नाही, वकीलसाहेब. उत्तर आल्यावर ते वाचलं याचा पुरावा काय?

खानापूरचा वकील
पुरावा म्हणजे आदेश. "उत्तर समाधानकारक नाही" एवढ्यावर भागवलं तर तुमचं म्हणणं खरं. बिन कार्डचा मुद्दा काय होता, कार्डात कोणत्या तारखेला किती शिल्लक, सुपरवायझरच्या परवानगीवर विश्वास का ठेवला नाही, आणि सौम्य शिक्षा का पुरत नाही, हे एकेका परिच्छेदात यायला हवं. मेमोंबरोबर त्याची स्वच्छ सेवेची वर्षंही मोजा. शिक्षा कमी करायचा अधिकार लेबर कोर्टाला आहे, तेव्हा हे वजन तुम्हीच आधी केलेलं दिसलं पाहिजे.

मच्छे प्लांट एचआर
सहा किलो गनमेटलसाठी एवढा व्याप. चोरीत रक्कम बघत नाहीत, विश्वास गेला की संपलं. पण नोटीस देऊन टाका, दहा दिवसांचाच प्रश्न आहे.

खानापूरचा वकील
एक राहिलं. युनियनचा काही वाद समेट अधिकाऱ्यांपुढे चालू आहे का? आणि हा कामगार त्यात येतो का?

उद्यमबाग पर्सोनेल
पगारवाढीच्या मागण्यांवर तारखा चालू आहेत. तो युनियनचा सभासद आहे.

खानापूरचा वकील
मग आदेशासोबतच एक महिन्याचा पगार द्या आणि त्याच वेळी मंजुरीचा अर्ज समेट अधिकाऱ्यांकडे दाखल करा. हे चुकलं तर चौकशी कितीही चोख असली तरी आदेश निरर्थक ठरतो. आज ना उद्या करू म्हणू नका.