मदत हवी आहे : करुण संगीत का आवडतं?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितेय. संगीत मानसशास्त्राच्या निबंधात एका ठिकाणी अडकलेय.

बोधवादी तत्त्वज्ञ पीटर किवी म्हणतात, सुरांतलं दुःख आपण फक्त ओळखतो. मन भरून येतं ते सौंदर्यानं, मग दुःखातून आनंद कसा मिळतो, हे कोडंच उरत नाही. भाववादी म्हणतात, ऐकणाऱ्याला दुःख खरंच होतं. मानसशास्त्रज्ञ क्रुमहान्सल यांच्या 1997 च्या प्रयोगात करुण तुकडे ऐकताना नाडी, रक्तदाब, त्वचेचं तापमान बदललं. पण हा बदल दुःखाचाच, की भारावून जाण्याचा?

पाठवणीच्या सनईनं माझे डोळे भरतात, पण तिथे बहिणीची आठवणही असते ना! म्हणजे उदाहरण बादच. आठवण नि शब्द दोन्ही वगळून हा फरक कसा तपासायचा? कुणी सांगाल का?