मदत हवी आहे: बाहेरून आलेल्या पैशांवर बँकेने दोन रुपये कमी रेट लावला, काय करता येईल?

खटपट्या_सांगली
माझं 2400 चं बिल होतं, खात्यात 2,00,702.91 जमा झाले. भागून बघितलं तर रेट 83.63 पडतो. गुगलवर त्या दिवशी 85.60 होता. म्हणजे एकामागे दोन रुपये गायब, एकूण पावणेपाच हजारांना चुना. शाखेत गेलो तर म्हणतात "सिस्टिमनेच लागतो रेट". तक्रार कुठे करायची एवढंच सांगा, प्लीज लवकर.

कोकणी_मेवा
2400 काय? युरो, डॉलर, दिरहम? आणि हा आकडा एसएमएसवरून काढलाय की बँकेच्या अ‍ॅडव्हाइसवरून?

खटपट्या_सांगली
डॉलर हो, अमेरिकन क्लायंट आहे. सॉफ्टवेअरचं काम करतो. आकडा एसएमएसवरून. अ‍ॅडव्हाइस म्हणजे?

रोखठोक
आरबीआयचा नियम आहे, त्या दिवशीच्या रेफरन्स रेटनेच रूपांतर करावं लागतं. सरळ लोकपालाकडे तक्रार टाका, व्याजासकट परत मिळेल.

फॉरेक्स_आजोबा
रोखठोक, असा नियम नाही. रेफरन्स रेट रोज दुपारी जाहीर होतो, 2018 पासून एफबीआयएल काढते. तो मोजपट्टी म्हणून वापरा, पण तुमच्या पैशांना बँक स्वतःचा टीटी बाइंग रेट लावते आणि तो नेहमी खालीच असतो. किती खाली, ते बँकेवर आणि तुमच्या आग्रहावर.

खटपट्या, तुमच्या हिशेबातच गफलत आहे. तुम्ही सगळी कापाकापी झाल्यावरचे रुपये घेतले आणि कापाकापीआधीच्या डॉलरनी भागले. त्यातून निघणाऱ्या आकड्याला रेट म्हणत नाहीत. अ‍ॅडव्हाइस म्हणजे किती डॉलर आले, कोणत्या रेटने रुपये झाले आणि काय कापलं हे दाखवणारा बँकेचा कागद. शाखेला हा इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस मागा, सोबत स्विफ्ट मेसेजची प्रतही. देत नाही म्हणाले तर लेखी मागा, देतात.

माधवीकाकू
आमच्याकडेही हाच त्रास! मुलगी जर्मनीला आहे, तिची फी भरताना बँकेने ए2 फॉर्म भरून घेतला आणि वर टीसीएस कापणार म्हणाले. एप्रिल 2025 पासून मर्यादा 7 लाखांची 10 लाख झाली, हे मी त्यांना कागद दाखवून पटवलं. तुम्हीही कागद घेऊन जा.

कोकणी_मेवा
काकू, ते बाहेर पाठवण्याचं. यांचे पैसे आत येतायत.

माधवीकाकू
बरं बरं. पण कागद घेऊन जाच.

अ‍ॅपवाला_भाऊ
बँकेची कटकट सोडा. मी तीन वर्षं एका ॲपवरून घेतोय, गुगलच्या रेटच्या अगदी जवळ मिळतो आणि पावतीही लगेच येते.

फॉरेक्स_आजोबा
भाऊ, त्या पावतीवर पाठवणारा म्हणून कोणाचं नाव येतं, क्लायंटचं की ॲपच्या भागीदार कंपनीचं? एकदा बघून घ्या.

अ‍ॅपवाला_भाऊ
आजवर कोणी विचारलं नाही.

खटपट्या_सांगली
चार चकरा मारल्यावर अ‍ॅडव्हाइस मिळाला. त्यात डॉलर 2375, रेट 84.72, रुपये 2,01,210. खाली जीएसटी 271.09 आणि चार्जेस 236. लाभार्थी म्हणून माझं आडनाव-आधीचं नाव. पर्पज P1301. स्विफ्टमधल्या या ओळी:

```
:32A:250702USD2375,
:33B:USD2400,
:71A:SHA
:71F:USD25,
```

25 डॉलर कोणी खाल्ले? क्लायंट शपथेवर सांगतो पूर्ण पाठवले.

फॉरेक्स_आजोबा
क्लायंट खरं बोलतोय. 33B म्हणजे त्याने सांगितलेली रक्कम, ती 2400 आहे. 32A म्हणजे तुमच्या बँकेच्या हाती पडलेली, ती 2375. मधले 25 कोणी घेतले याची नोंद 71F मध्ये आहे, तो वाटेतल्या बँकेचा कट. 33B मध्येच 2375 दिसलं असतं तर मी क्लायंटला धरायला सांगितलं असतं.

आता तुमचे पावणेपाच हजार लावू. गुगलच्या भावाने 25 डॉलरचे 2140 रुपये. उरलेल्या 2375 डॉलरवर 88 पैशांचा फरक, त्याचे 2090. जीएसटी 271.09, बँकेचे 236. बेरीज करा, 4737.09 येते. तुमचा फरक तेवढाच, पैसा इकडेतिकडे नाही.

जीएसटीचा आकडाही बरोबर आहे. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. पहिल्या लाखाला हजार रुपये मूल्य धरतात, लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत अर्धा टक्का. तुमचं मूल्य 1506.05 झालं, त्यावर 18 टक्के.

म्हणजे भांडायला जागा फक्त 88 पैशांत आहे. बँकेचा त्या दिवसाचा टीटी बाइंग रेट मागा. अ‍ॅडव्हाइसवरचा त्याहून खाली असेल तर चूक दाखवता येईल. तेवढाच असेल तर पुढच्या वेळी रूपांतराआधी शाखेला फोन करून भाव ठरवा. 2 जुलैला पैसे पोचले म्हणून रूपांतर त्याच दिवशी झालं असं नसतं, तीही तारीख बघा.

रोखठोक
मग क्लायंटला OUR करायला सांगा. एक पैसा कापला जाणार नाही.

फॉरेक्स_आजोबा
अर्धं बरोबर. OUR केलं की खर्च पाठवणाऱ्याच्या माथी जातो, तरी मधली एखादी बँक कापतेच असं मी कितीदा पाहिलंय. आणि इथल्या बँकेच्या रेटला OUR शिवतही नाही.

पण खटपट्या, तुम्ही रेटवर अडलात आणि खरी अडचण वाचून पुढे गेलात. P1301 म्हणजे परदेशातल्या नातलगाने घरखर्चासाठी पाठवलेले पैसे. तुमचं काम सॉफ्टवेअर सल्ल्याचं असेल तर P0802 हवा. एलयूटीवर बिल केलंय का? जीएसटी क्रमांक आहे?

खटपट्या_सांगली
दोन्ही आहे. P1301 बँकेने स्वतःहून टाकला, मी काही सांगितलंच नव्हतं.

फॉरेक्स_आजोबा
तेच. बचत खात्यात पैसे येतात, कोणी विचारत नाही, बँक घरखर्च लावून मोकळी होते. उद्या निर्यातीचा पुरावा म्हणून हा कागद दाखवलात तर अधिकारी विचारेल, अमेरिकेत कोण नातलग? बिलाची आणि कराराची प्रत जोडून पर्पज बदलण्याचं पत्र द्या, दुरुस्त अ‍ॅडव्हाइस मागा. त्यात परदेशी बँकेचा 25 डॉलर खर्च वेगळा दाखवा म्हणावं, नाहीतर बिल 2400 आणि पुरावा 2375 असं कायम लोंबकळत राहील.

कोकणी_मेवा
बिल कोणाच्या नावाने आहे?

खटपट्या_सांगली
फर्मच्या. प्रोप्रायटरशिप आहे, खातं माझ्या नावाचं बचत.

कोकणी_मेवा
घ्या! आडनाव आधी की नंतर यावर कोणी अडत नाही, पण बिलावर फर्म आणि अ‍ॅडव्हाइसवर माणूस हे माझ्या बाबतीत अडलं होतं. शेवटी चालू खातं उघडलं.

रोखठोक
पॅन एकच असतो, काही अडत नाही. उगाच घाबरवू नका.

कोकणी_मेवा
अडलं म्हणून सांगतोय ना, स्वप्नात नाही पडलं.

फॉरेक्स_आजोबा
दोघांचंही खरं असू शकतं, अधिकाऱ्यागणिक अनुभव वेगळा. जीएसटी पोर्टलवर हे बचत खातं जोडलंय का, सीएला विचारा. पुढच्या बिलावर फर्मच्या नावाखाली 'प्रोप्रायटर' म्हणून स्वतःचं नाव बँकेत आहे तसंच लिहा.

खटपट्या_सांगली
पत्र दिलं आज. काउंटरवरच्या बाईंनी लेटरहेडवर मागितलं, ते छापलेलंच नव्हतं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं. टीटी रेटही मिळाला, त्या दिवशीचा 84.72 च होता. तक्रार मिटली. पर्पज "हेड ऑफिसला पाठवतो" म्हणाल्या, तारीख दिली नाही. क्लायंट OUR ला नाही म्हणाला. पुढच्या बिलात 25 डॉलर वाढवून लावावे का?

अ‍ॅपवाला_भाऊ
माझ्या पावतीवर कंपनीचंच नाव निघालं राव. आजोबा, आता?